मेंढ्या, ऊन आणि माती : चराईच्या परिणामाची वाटणी करताना मॉडेल कुठे फसते

चराई वाढली की कुरणातल्या वनस्पतींच्या प्रजाती वाढतात की घटतात? या प्रश्नाचे उत्तर एकाच आकड्यात मागितले, तर अनेकदा तो आकडा शून्याच्या आसपास येतो. म्हणून चराईने काहीच होत नाही असे समजणे चुकीचे ठरेल. मेंढी एकाच वेळी अनेक कामे करत असते. उंच गवत खाल्ले की जमिनीपर्यंत ऊन पोचते आणि बुटक्या वनस्पतींना वाव मिळतो. खुरांनी माती दाबली जाते, पाणी मुरायचे कमी होते आणि नाजूक रोपे तग धरत नाहीत. आवडीच्या वनस्पती वेचून खाल्ल्याने त्या फुलावर येण्याआधीच संपतात. यातले पहिले काम प्रजाती वाढवते, उरलेली दोन घटवतात. बेरीज केली की सगळे एकमेकांत मिटून जाते.

ही बेरीज पुन्हा सुटी करण्यासाठी परिसंस्थाशास्त्रात स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, म्हणजे एसईएम, वापरतात. तिचे मूळ स्यूअल राइट यांच्या १९२१ सालच्या पाथ विश्लेषणात आहे. ‘चराईचा सरळ परिणाम इतका, प्रकाशाच्या वाटेने इतका, मातीच्या वाटेने इतका’ अशी बाणांची आकृती शोधनिबंधांत दिसते, ती याच पद्धतीतून येते. आकृती पटकन पटते. पण तिच्यातली वाटणी कधी विश्वासार्ह असते आणि कधी मॉडेल उत्तम जुळूनही ती साफ चुकीची असते, हे बाणांकडे बघून कळत नाही. तेच इथे एका मांडणीवर आकड्यांसकट तपासून पाहू.

कुरण आणि प्रयोगाची मांडणी

चीनच्या इनर मंगोलिया या स्वायत्त प्रदेशात शिलिन नदीच्या खोऱ्यात २००५ मध्ये मेंढ्यांच्या चराईचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. हा अर्धशुष्क गवताळ प्रदेश आहे. लेयमस चायनेन्सिस हे जमिनीखालच्या खोडांनी पसरणारे गवत आणि स्टायपा ग्रँडिस हे ठोंबांनी वाढणारे गवत, या दोघांचे इथे वर्चस्व असते. चराई जड झाली की ही उंच गवते मागे पडतात आणि क्लायस्टोजेनिस स्क्वारोसासारखे बुटके गवत किंवा जमिनीलगत राहणारी आर्टेमिसिया फ्रिजिडा पुढे येते. प्रयोगात चराईच्या सात पायऱ्या होत्या, शून्यापासून हेक्टरी ९ मेंढ्यांपर्यंत, दीड-दीडच्या अंतराने. प्रत्येक पायरी सपाट जमिनीवरही होती आणि उतारावरही.

आपल्या अभ्यासासाठी या मांडणीचा फक्त सांगाडा घेऊ : ७ पायऱ्या, २ प्रकारची जमीन, म्हणजे कुंपण घातलेले १४ तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात १ चौरस मीटरच्या १० चौकटी. पुढे येणारे गुणक, म्हणजे बाणांवरचे आकडे, या प्रयोगाच्या मोजमापांतले नाहीत. ते मुद्दाम ठरवलेले आहेत, कारण खरे उत्तर आधीच माहीत असेल तरच मॉडेलने ते शोधले की नाही हे पडताळता येते.

प्रत्येक चौकटीत काय मोजायचे? प्रजातींची संख्या अर्थातच. प्रकाशासाठी कॅनॉपीच्या, म्हणजे पानांच्या छताच्या, वर आणि जमिनीलगत अशी दोन मापे, निरभ्र आकाशात सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत, आणि त्यांचे गुणोत्तर. मातीच्या दाबासाठी ठरावीक घनफळाच्या, समजा १०० घन सेंटिमीटरच्या, कड्याने न विस्कटलेला नमुना काढायचा, तो १०५ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि स्थूल घनता काढायची. शेवटचे म्हणजे मातीतली ओल. ओल मोजायचा कंटाळा केला तर काय होते, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

मोजमापांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. प्रकाश आणि प्रजाती एकाच दिवशी मोजल्या तर बाण कोणत्या दिशेचा हे सांगता येत नाही : ऊन पोचल्याने प्रजाती वाढल्या, की प्रजाती जास्त म्हणून पाने दाट आणि ऊन कमी? प्रकाश या हंगामात आणि प्रजाती पुढच्या हंगामात मोजल्या तर ही अडचण बरीच कमी होते. चराईच्या मापाचेही तसेच. काही ठिकाणी उपलब्ध गवत बघून मेंढ्यांची संख्या महिन्या-महिन्याला बदलतात. तिथे गवताकडून चराईकडे जाणारा बाणही तयार होतो आणि ‘चराई बाहेरून ठरवलेली आहे’ हे गृहीतक मोडते. अशा वेळी हंगामाच्या सुरुवातीला चिठ्ठी टाकून ठरलेली पायरी हेच चराईचे माप धरावे, प्रत्यक्ष चरलेल्या मेंढ्यांची सरासरी धरू नये.

आपल्याकडच्या माळरानावर हे मॉडेल लावू पाहणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. पुणे-सोलापूर पट्ट्यातले बरेच धनगर कळप दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परततात. म्हणजे पवना, मारवेल किंवा कुसळी गवत वाढत असते त्याच महिन्यांत चराईचा मुख्य भार पडतो. अशा ठिकाणी ‘हेक्टरी वर्षाला इतक्या मेंढ्या’ हा आकडा फसवा आहे. गवत फुलण्याआधीचा भार आणि बी पडल्यानंतरचा भार हे दोन वेगळे चल म्हणून घ्यावे लागतील, कारण पहिला बियाण्यावर घाव घालतो, दुसरा घालत नाही.

बाण आणि गुणक

सगळे चल प्रमाणित केलेले आहेत असे धरू, म्हणजे सरासरी ० आणि प्रमाण विचलन १. ठरवलेले सत्य असे : चराई एका प्रमाण विचलनाने वाढली की जमिनीलगतचा प्रकाश ०.७० ने वाढतो आणि मातीची घनता ०.६० ने वाढते. प्रकाश एकाने वाढला की प्रजाती ०.५० ने वाढतात. घनता एकाने वाढली की त्या ०.३० ने घटतात. याशिवाय वेचून खाण्यामुळे चराई प्रजातींना सरळ ०.२५ ने घटवते. ओल मात्र चराईशी असंबंधित आहे. ओल जास्त तिथे गवत दाट, म्हणून प्रकाश ०.५० ने कमी. आणि ओल जास्त तिथे प्रजातीही ०.४० ने जास्त.

एका वाटेवरचे गुणक एकमेकांशी गुणायचे, वेगवेगळ्या वाटांचे गुणाकार बेरजेत घ्यायचे. प्रकाशाच्या वाटेने ०.७० × ०.५० = +०.३५. मातीच्या वाटेने ०.६० × −०.३० = −०.१८. सरळ −०.२५. एकूण −०.०८. चराई आणि प्रजाती यांचा नुसता सहसंबंध काढला तर हाच −०.०८ दिसेल आणि ‘चराईचा लक्षणीय परिणाम नाही’ असा निष्कर्ष छापला जाईल. तीन बऱ्यापैकी मोठ्या गोष्टी एकमेकींना खोडत आहेत हे त्यात कुठेच दिसणार नाही. एसईएम वापरायचे खरे कारण हे आहे.

आर भाषेतल्या `lavaan` या पॅकेजमध्ये हे असे लिहितात. नमुना मुद्दाम १ लाखाचा घेतला आहे, म्हणजे यदृच्छेचा गोंधळ बाजूला राहतो आणि फक्त मॉडेलची चूक दिसते.

```r
library(lavaan)
set.seed(7); n <- 100000
chara   <- rnorm(n)
ol      <- rnorm(n)
prakash <- 0.70*chara - 0.50*ol + 0.51*rnorm(n)
ghanata <- 0.60*chara + 0.80*rnorm(n)
prajati <- -0.25*chara + 0.50*prakash -
            0.30*ghanata + 0.40*ol + 0.92*rnorm(n)
d <- data.frame(chara, ol, prakash, ghanata, prajati)

m1 <- '
  prakash ~ a1*chara + ol
  ghanata ~ a2*chara
  prajati ~ b1*prakash + b2*ghanata + c*chara + ol
  unatun  := a1*b1
  matitun := a2*b2
  ekun    := c + a1*b1 + a2*b2
'
summary(sem(m1, data = d), fit.measures = TRUE)
```

`unatun` म्हणजे उन्हाच्या वाटेने, `matitun` म्हणजे मातीच्या वाटेने. हे मॉडेल ठरवलेले सगळे आकडे जवळपास तंतोतंत परत देते. इथपर्यंत सगळे सुरळीत.

ओल वगळली की

आता ओल मोजलीच नाही असे धरू. वरच्या मॉडेलमधले दोन्ही `+ ol` काढून टाका आणि पुन्हा चालवा.

चराई → प्रकाश हा गुणक ०.७० च राहतो, कारण चराई चिठ्ठीने ठरली आहे आणि तिचा ओलीशी संबंध नाही. चराई → घनता ०.६० आणि घनता → प्रजाती −०.३० हेही जागच्या जागी राहतात. पण प्रकाश → प्रजाती ०.५० चा ०.११ होतो. कारण सरळ आहे : चराई सारखीच असलेल्या दोन ठिकाणी प्रकाश कमी-जास्त असेल, तर त्यातला मोठा भाग ओलीच्या फरकाने आलेला असतो. जिथे ऊन कमी तिथे ओल जास्त, आणि ओल प्रजाती वाढवते. म्हणजे उन्हाचा फायदा ओलीच्या फायद्याने झाकला जातो. हिशेबाने दाखवायचे तर, चराईचा वाटा वजा केल्यावर प्रकाशाचे विचरण ०.५१ उरते आणि त्याचे ओलीशी सहविचरण −०.५०. म्हणून गुणकात ०.४० × (−०.५० ÷ ०.५१), म्हणजे −०.३९ इतकी चूक शिरते.

ती चूक तिथेच थांबत नाही. एकूण परिणाम −०.०८ हा बरोबर यायलाच हवा, कारण चिठ्ठीने ठरलेल्या चराईचा एकूण परिणाम साध्या समाश्रयणातही अचूक येतो. म्हणजे प्रकाशाच्या वाटेतून जे गळले ते कुठेतरी जमा व्हावे लागते, आणि ते ‘सरळ’ बाणात जमा होते. नवे उत्तर असे : प्रकाशातून +०.०८, मातीतून −०.१८, सरळ +०.०२. वेचून खाण्याचा जो परिणाम −०.२५ होता, तो कागदावरून नाहीसा झाला. निबंधात लिहिले जाईल, ‘या कुरणात प्रकाशाची स्पर्धा गौण आहे, चराईचा परिणाम मुख्यतः मातीच्या दाबातून होतो.’ वाक्य वाचायला अगदी समंजस वाटते. इथे ते पूर्ण चुकीचे आहे.

आता मॉडेल जुळण्याचे निकष बघा. या चार चलांच्या मॉडेलला एकच स्वातंत्र्यमात्रा आहे : चराई स्थिर धरली तर प्रकाश आणि घनता यांच्यात संबंध नाही, एवढाच दावा डेटावर तपासला जातो. आणि तो दावा खराच आहे. त्यामुळे काय-वर्ग छोटा येतो, सीएफआय १ च्या जवळ, आरएमएसईए ० च्या जवळ, म्हणजे तिन्ही निकषांवर मॉडेल उत्तम जुळते. प्रकाश → प्रजाती हा बाण बरोबर आहे का, याची तपासणी या निकषांत मुळात होतच नाही. जुळणीचा निकष फक्त वगळलेल्या बाणांबद्दल बोलतो, आकृतीत असलेल्या बाणांबद्दल काहीच सांगत नाही. पुनरावलोकनात ‘मॉडेल उत्तम जुळते, म्हणून मध्यस्थी सिद्ध होते’ हे वाक्य दिसले तर तिथे थांबून विचारावे : स्वातंत्र्यमात्रा किती, आणि त्या नेमक्या कोणत्या दाव्यांच्या?

‘सरळ परिणाम’ या शब्दालाही यामुळे मर्यादा येते. मॉडेलमधला सरळ बाण म्हणजे मेंढीच्या तोंडाचा परिणाम नव्हे. प्रकाश, माती अशा मोजलेल्या मध्यस्थांतून जे गेले नाही ते सगळे, अधिक मध्यस्थांच्या मापातल्या चुकांची भरपाई, असे ते गाठोडे असते. लेंड्यांतून येणारे नत्र मोजले नसेल तर ते याच बाणात आहे. लोकरीला चिकटून आलेले बी याच बाणात आहे. एका चौकटीत प्रकाशाचे एकच माप घेतले आणि ते ढगाच्या सावलीने डळमळीत आले, तर प्रकाशाची वाट बारीक दिसते आणि तिचा उरलेला भागही इथेच येऊन पडतो.

किती ओल वगळली तर किती फरक

ओल मोजली नसेल तर सगळे सोडून द्यायचे का? तसे नाही. निदान उत्तर किती नाजूक आहे हे दाखवता येते. प्रकाश आणि प्रजाती यांच्या अवशेषांमध्ये, म्हणजे मॉडेलच्या बाणांनी न उलगडलेल्या उरलेल्या भागांमध्ये, एक ठरावीक सहविचरण आहे असे गृहीत धरायचे आणि ते बदलत जायचे.

```r
m2 <- '
  prakash ~ a1*chara
  ghanata ~ a2*chara
  prajati ~ b1*prakash + b2*ghanata + c*chara
  prakash ~~ -0.20*prajati
  unatun  := a1*b1
'
summary(sem(m2, data = d))
```

−०.२० च्या जागी वेगवेगळे आकडे ठेवले की असे दिसते :

| गृहीत सहविचरण | प्रकाश → प्रजाती | प्रकाशातून | सरळ |
|---|---|---|---|
| −०.२० | ०.५० | ०.३५ | −०.२५ |
| −०.१० | ०.३० | ०.२१ | −०.११ |
| ० | ०.११ | ०.०८ | ०.०२ |
| +०.१० | −०.०९ | −०.०६ | ०.१६ |

या चारही ओळींचा काय-वर्ग एकच आहे. डेटा त्यांच्यात निवड करू शकत नाही. निवड करायची ती कुरणाच्या ज्ञानावरून. अर्धशुष्क कुरणात ओल वाढली की गवत आणि प्रजाती दोन्ही वाढतात असे मानायला आधार असेल, तर सहविचरण ऋण असणार आणि खरी प्रकाशाची वाट छापलेल्या आकड्यापेक्षा मोठी असणार. सुपीक, खताळलेल्या कुरणात उलटेही होऊ शकते : नत्र जास्त तिथे गवत दाट आणि प्रजाती कमी. मग सहविचरण धन, आणि प्रकाशाची वाट कागदावर फुगलेली दिसेल. म्हणून हा तक्ता देताना कोणत्या बाजूची ओळ जास्त संभवते आणि का, हे एका वाक्यात सांगावे. ते वाक्य वाचकाला जुळणीच्या डझनभर निकषांपेक्षा उपयोगी पडते.

१४ तुकडे की १४० चौकटी

दुसरा घोटाळा नमुन्याच्या संख्येचा. चराईची पायरी तुकड्याला दिलेली असते, चौकटीला नाही. एका कुंपणातल्या दहाही चौकटींना तोच कळप, तोच उतार आणि बहुधा तीच माती लाभते. तरी १४० ओळींचा डेटा `sem()` ला दिला, की ते १४० स्वतंत्र निरीक्षणे समजून प्रमाण त्रुटी काढते.

आपल्या ठरवलेल्या गुणकांवर याचा अंदाज घेऊ. ओल मॉडेलमध्ये आहे असे धरले, तर प्रजातींचे अवशेष-विचरण ०.८५ आणि इतर चल स्थिर धरल्यावर प्रकाशाचे उरलेले विचरण ०.२६. निरीक्षणे १४० मानली तर प्रकाश → प्रजाती या गुणकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१५ येते. ०.५० ला ०.१५ ने भागले की तीनाच्या वर, तारा लागला, निबंध तयार. निरीक्षणे १४ मानली तर तीच त्रुटी ०.५५ च्या पुढे जाते, आणि ०.५० चा गुणक शून्यापासून वेगळा ओळखूच येत नाही. ही त्रुटी ०.२० पर्यंत आणायची तर सुमारे ८५ तुकडे लागतील. इतकी कुंपणे घालणे जवळपास कोणालाच परवडत नाही. छोट्या चराई-प्रयोगांवर चार-पाच मध्यस्थांची मोठी आकृती काढू नये ती यासाठीच. १४ तुकड्यांवर एक मध्यस्थ, फार तर दोन, आणि विश्वास-मर्यादा रुंद असल्याची स्पष्ट कबुली, इतकेच पेलते.

`lavaan` मध्ये `cluster = "tukda"` असे दिले की त्रुटी दुरुस्त होतात, पण ती दुरुस्ती तुकड्यांची संख्या पुरेशी मोठी असेल तेव्हाच भरवशाची असते. १४ वर नाही. गुणाकाराची विश्वास-मर्यादा बूटस्ट्रॅपने काढताना चौकटी नव्हे तर अख्खे तुकडे पुन्हा-पुन्हा उचलावे लागतात. नेहमीचा `se = "bootstrap"` हा पर्याय ओळी, म्हणजे चौकटी उचलतो. जॉन लेफचेक यांच्या `piecewiseSEM` मध्ये प्रत्येक बाण मिश्र-परिणाम मॉडेलने काढता येतो आणि तुकडा यादृच्छिक घटक म्हणून देता येतो. पदवीनंतरच्या प्रबंधांतही तो मार्ग घेता येतो. मार्ग चांगला आहे, पण त्यात एक खाच आहे आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते.

ती अशी. एका तुकड्याच्या आतही चौकटी-चौकटीत प्रकाश बदलतो. कुठे स्टायपाचा ठोंब उभा, कुठे दोन ठोंबांमधली उघडी जागा. या बारीक फरकांवरून काढलेला प्रकाश → प्रजाती गुणक आणि तुकड्या-तुकड्यांच्या सरासरीवरून काढलेला गुणक हे दोन वेगळे आकडे असू शकतात, कधी चिन्हासकट वेगळे. उघड्या जागेत ऊन भरपूर, पण माती उघडी, म्हणून प्रजाती कमी. तुकड्याच्या पातळीवर मात्र जास्त ऊन म्हणजे मोकळी झालेली कॅनॉपी, म्हणून प्रजाती जास्त. चराईची वाट या दुसऱ्या पातळीवरून जाते, कारण चराई तुकड्याचा सरासरी प्रकाशच बदलते. मिश्र मॉडेलला नुसता `prakash` दिला की ते दोन्ही पातळ्यांची सरमिसळ करून एकच गुणक देते, आणि चौकटी संख्येने जास्त असल्यामुळे तो बहुधा आतल्या पातळीकडे झुकतो. मग चुकीच्या पातळीचा आकडा चराई → प्रकाश या बाणाशी गुणला जातो.

उपाय साधा आहे. प्रकाशाची तुकड्याची सरासरी एका रकान्यात काढायची आणि चौकटीचे त्या सरासरीपासूनचे अंतर दुसऱ्या रकान्यात. प्रजातींच्या समीकरणात दोन्ही द्यायचे, आणि चराईच्या वाटेसाठी फक्त सरासरीचा गुणक वापरायचा. दोन्ही गुणक सारखे आले तर उत्तम. वेगळे आले तर हाच त्या अभ्यासातला सांगण्याजोगा निष्कर्ष असू शकतो.

प्रजाती मोजण्यातली एक फसगत

जड चराईत झाडे बुटकी आणि लहान होतात, त्यामुळे त्याच १ चौरस मीटरमध्ये जास्त रोपे बसतात. रोपे जास्त म्हणून प्रजातीही जास्त सापडतात, जशी मोठी मूठ भरली तर जास्त प्रकारचे धान्य हाती येते. यात स्पर्धा कमी झाल्याचा काही संबंध नाही. चौकटीतली रोपांची संख्या नोंदवली असेल, तर सगळीकडे सारख्याच रोपांवर आणून प्रजातीसंख्या काढावी, म्हणजे रेअरफॅक्शन करावे, आणि मॉडेल दोन्ही मापांवर चालवावे. प्रकाशाची वाट कच्च्या संख्येवर मोठी आणि रेअरफॅक्शननंतर छोटी झाली, तर तिचा काही भाग नुसत्या दाटीचा होता.

चराई आणि प्रकाश यांचे नाते सरळ रेषेचेही नसते. शून्यावरून ३ मेंढ्यांपर्यंत उंच गवत वेगाने कमी होते आणि प्रकाश झपाट्याने वाढतो. ६ वरून ९ वर जाताना मात्र खायला उंच असे फारसे उरलेलेच नसते. मातीचा दाब उलट जड चराईतच जास्त जाणवतो. म्हणून हलक्या चराईत बेरीज धन आणि जड चराईत ऋण येऊ शकते, आणि सातही पायऱ्यांवर एकच रेषा ओढली की दोन्ही गायब. वक्र संबंध असेल तर वाटेचा परिणाम हा एक आकडा राहत नाही. प्रत्येक पायरीपाशी दोन्ही बाणांचे उतार काढून गुणावे लागतात, आणि उत्तर ‘१.५ ते ३ मेंढ्यांच्या दरम्यान इतके, ७.५ ते ९ च्या दरम्यान इतके’ अशा रूपात द्यावे लागते. कुरणाचे व्यवस्थापन करणाऱ्याला हवे असते तेही असेच उत्तर.

बाण हाताने हलवून बघणे

शेवटी प्रश्न उरतो तो प्रकाश → प्रजाती याच बाणाचा. चराई चिठ्ठीने ठरवता येते, प्रकाश मात्र तिच्या मागोमाग येतो, आणि त्याच्याबरोबर ओल, नत्र, गवताचा प्रकार असे बरेच काही येते. न्यूट्रिएंट नेटवर्क या संशोधकांच्या जागतिक गटाने ६ खंडांतल्या ४० गवताळ ठिकाणी कुंपण आणि खत यांचे प्रयोग एकाच पद्धतीने केले. त्याचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की जिथे तृणभक्षींमुळे जमिनीलगतचा प्रकाश वाढला, तिथे वनस्पतींची विविधता टिकली. ठिकाणे भरपूर आणि निष्कर्ष भक्कम, पण प्रकाश तिथेही मोजलेलाच होता, दिलेला नव्हता.

तो दिला गेला जर्मनीतल्या बाड लाउखश्टेट इथल्या प्रयोगात. आनू एस्केलिनेन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांची चराई आणि कुंपण, खत आणि बिनखत अशा तुकड्यांत गवताच्या खालच्या थरात एलईडी दिवे लावले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : मेंढ्यांना अडवल्याने आणि खत दिल्याने विविधता घटत होती, ती दिव्यांच्या प्रकाशाने बऱ्याच अंशी सावरली. इथे प्रकाश चराईपासून स्वतंत्रपणे हलवला गेला, म्हणून वरच्या तक्त्यातले सहविचरण गृहीत धरण्याऐवजी मांडणीनेच ठरले.

दिवे लावणे सगळ्यांना शक्य नाही. त्यातल्या त्यात स्वस्त पर्याय म्हणजे प्रत्येक तुकड्यातल्या निवडक चौकटींत उंच गवत न कापता दोरीने बाजूला ओढून बांधणे, आणि जिथे ऊन जास्त आहे अशा काही चौकटींवर सावलीची जाळी घालणे. गवत बांधल्याने मुळे आणि त्यांची पाण्याची ओढ जागीच राहते, फक्त ऊन बदलते. म्हणून कापण्यापेक्षा बांधणे चांगले. जाळीखाली बाष्पीभवनही कमी होते, तेव्हा तिथे ओलीचे माप घेतलेच पाहिजे. अशा चौकटींवरून काढलेला प्रकाशाचा गुणक आणि न छेडलेल्या चौकटींवरून मॉडेलने दिलेला गुणक शेजारी-शेजारी ठेवावेत. आपल्या उदाहरणात ते ०.५० आणि ०.११ असे दिसतील, आणि मधले ०.३९ म्हणजे मॉडेलमध्ये नसलेली ओल.